धागा: साडेतीनशे फराळ-डब्यांची एकच मोठी ऑर्डर, दर किती सांगावा आणि आगाऊ रक्कम किती मागावी?

मृण्मयी_धायरी

नमस्कार. मी घरून दिवाळीचा फराळ करून देते. गिऱ्हाईक बहुतेक ओळखीचेच असते आणि एका घराची ऑर्डर फार तर चाळीस डब्यांपर्यंत जाते. यंदा प्रथमच हिंजवडीच्या एका कंपनीने कर्मचाऱ्यांना भेट देण्यासाठी ३५० डब्यांची चौकशी केली आहे. एका डब्यात चार बेसन लाडू, पाव किलो पोह्यांचा चिवडा, दोनशे ग्रॅम चकली, दोनशे ग्रॅम शंकरपाळे आणि चार करंज्या हव्या आहेत. डब्यावर कंपनीचे बोधचिन्ह छापायचे आहे आणि माल वसुबारसेच्या चार दिवस आधी पोहोचवायचा आहे.

हाच डबा मी नेहमीच्या गिऱ्हाइकांना, साध्या खोक्यात, ४५० रुपयांना देते. कंपनीच्या प्रशासन विभागातील बाईंचे म्हणणे असे की एवढी मोठी ऑर्डर असल्याने ४०० रुपये दर लावावा, आणि पैसे माल मिळाल्यानंतर ३० दिवसांनी बिलावर मिळतील. थोडी आगाऊ रक्कम मागितल्यास त्या विचारून सांगणार आहेत. मला दोन गोष्टी कळत नाहीत. संख्या वाढली म्हणून दर खरोखर इतका खाली आणावा का? आणि आगाऊ रक्कम मागायची झाल्यास ती कोणत्या आधारावर ठरवावी?

सागर_मस्कत

मोठ्या ऑर्डरला दहा टक्के सूट देणे हा सर्वत्र रूढ व्यवहार आहे, त्यामुळे ४०५ पर्यंत यायला हरकत नसावी. त्यावर पाच टक्के जीएसटी वेगळा दाखवा. निम्मी रक्कम आगाऊ घ्या आणि कोटेशनवर ‘आगाऊ रक्कम परत मिळणार नाही’ असे स्पष्ट लिहा, म्हणजे प्रश्न मिटतो.

शुभदा_ठाणे

सागर यांचा सल्ला व्यापाऱ्याला लागू पडतो, कारण तो तयार माल घेऊन पुढे विकतो आणि संख्या वाढली की त्याची खरेदी स्वस्त होते. हाताने करायच्या फराळाचे गणित वेगळे आहे. मी हा व्यवसाय बरीच वर्षे करते आहे. माझा अनुभव असा की घरच्या स्वयंपाकघराची मर्यादा ओलांडली की दर डब्यामागचा खर्च कमी न होता वाढतो.

मृण्मयी, चाळीस डब्यांच्या दरात तुम्ही स्वतःची मजुरी, घरची जागा आणि घरचा गॅस बहुधा धरलेला नसेल. ३५० डब्यांना हे सर्व बाहेरून विकत घ्यावे लागते. एकूण वजन सव्वातीनशे किलोच्या पुढे जाते. लाडवांचेच पाहा. चाळीस ग्रॅमचा एक लाडू धरला तर १४०० लाडू म्हणजे ५६ किलो होतात, आणि त्यासाठी अंदाजे २४ किलो बेसन, १२ किलो तूप आणि २० किलो पिठीसाखर लागते. एवढे बेसन घरच्या कढईत खमंग भाजून होत नाही. मोठी भट्टी आणि जाड बुडाची कढई भाड्याने आणावी लागते, आणि ते ढवळायला सवयीचा हात लागतो.

मी माझ्या वहीतील गेल्या हंगामाच्या भावांवरून मांडलेला अंदाज देते. तुमच्याकडचे भाव घालून तो पुन्हा तपासावा. सर्व जिनसांचा कच्चा माल दर डब्यामागे १८० रुपये. छापील डबा, आतल्या पिशव्या आणि घटकांचे लेबल मिळून ७०. सहा बायका नऊ दिवस, रोज ६०० रुपयांप्रमाणे, म्हणजे डब्यामागे सुमारे ९३. व्यावसायिक गॅस, जागेचे व भट्टीचे भाडे आणि टेम्पो मिळून १९,००० रुपये, म्हणजे डब्यामागे ५४. चकली मोडते, करंजी तळताना फुटते, एखादा घाणा करपतो. त्यासाठी कच्च्या मालाच्या पाच टक्के म्हणजे ९ रुपये. बेरीज ४०६ होते. म्हणजे ४०० रुपयांना डबा दिल्यास तुमची स्वतःची मेहनत फुकट जाऊन वर दर डब्यामागे सहा रुपये घरातून जातील.

माझ्या मते ५२५ रुपये हा सांगण्याजोगा दर आहे. त्यात ३५० डब्यांमागे साधारण ४१,६५० रुपये उरतात. ही रक्कम मोठी वाटेल, पण खरेदी, देखरेख, चव पाहणे, भरणे आणि पोहोचवणे यांत तुमचा जवळजवळ महिना जाणार आहे, आणि त्या महिन्यात नेहमीच्या गिऱ्हाइकांना तुम्हाला नाही म्हणावे लागणार आहे.

मृण्मयी_धायरी

शुभदाताई, मनापासून आभार. माझी स्वतःची मजुरी मी खरोखरच कधी धरत नव्हते. एक शंका आहे. मार्केट यार्डातून घाऊक खरेदी केली तर कच्चा माल स्वस्त पडेल ना? मग ती बचत कंपनीला द्यावी का?

शुभदा_ठाणे

तूप पंधरा किलोच्या डब्याने आणि पोहे, डाळी पोत्याने घेतल्या तर थोडे स्वस्त पडते हे खरे आहे. पण दसऱ्यानंतर तूप, खोबरे आणि काजू यांचे भाव बहुधा चढतात. आज केलेली बचत त्या चढाने खाऊन टाकली जाण्याची शक्यता असल्यामुळे मी ती दरात कमी करत नाही, राखीव ठेवते. कोटेशनवर ‘हा दर पंधरा दिवसांपर्यंत लागू’ असे आवर्जून लिहावे. कंपन्यांकडून मंजुरी यायला महिना लागतो, आणि तोवर तुमचा जुना दर त्यांच्या फायलीत पक्का होऊन बसलेला असतो.

सूट द्यायचीच असेल तर जिनसांत बदल सुचवून द्यावी. करंजी काढून तिच्या जागी शंभर ग्रॅम शेव दिली तर हात आणि वेळ दोन्ही वाचतात. करंजी ठेवायची असेल तर सारण सुक्या खोबऱ्याचेच करावे आणि तसे कोटेशनमध्ये लिहावे. ओल्या नारळाच्या करंजीची अपेक्षा कोणी धरून बसले तर पुढे तक्रार येते, आणि ती करंजी डबे वाटले जाईपर्यंत टिकणारही नाही.

आचारी_मिरज

आमचा लग्नाच्या जेवणाचा धंदा आहे, त्यातला अनुभव सांगतो. ताटाचा दर सांगताना आम्ही किमान ताटांची संख्या आधी लिहून घेतो. यजमानाने ४०० ताटे सांगितली आणि माणसे ३४० आली तरी पैसे ४०० ताटांचे लागतात. जास्त आली तर दहा टक्क्यांपर्यंत त्याच दराने आणि त्यापुढे वाढीव दराने वाढतो. शेवटचा आकडा लग्नाच्या तीन दिवस आधी कळवायचा, कारण भाजी आणि दुधाची ऑर्डर त्या दिवशी जाते. तुम्हीही किती माणसे जेवणार हे आधी लिहून घ्यावे आणि वाढप्यांची मजुरी वेगळी दाखवावी.

आगाऊ रकमेचे म्हणाल तर आम्ही तारीख धरण्यासाठी साधारण पाव रक्कम घेतो. लग्न मोडले किंवा पुढे गेले तर त्या मुहूर्तावर आम्हाला दुसरे काम मिळत नाही. सामान तोवर आणलेले नसते; ती रक्कम गेलेल्या तारखेची भरपाई असते. बाकीपैकी मोठा भाग आदल्या दिवशी सामान चढवण्यापूर्वी घेतो, आणि उरलेले पंगती उठल्यावर. मंडप सुटल्यानंतर पैसे मागत फिरणे फार कठीण असते.

हिशेबनीस

आचारी यांनी ताटांचा हिशेब सांगितला आहे. मृण्मयी यांच्या कामात वाढपी नाहीत आणि संख्या ठरलेली आहे, त्यामुळे तो भाग इथे लागू होत नाही. परंतु तारीख अडकल्याची रक्कम आणि सामानाची रक्कम वेगळ्या असतात, हा त्यांचा मुद्दा मोलाचा आहे. तिथूनच पुढे जातो.

आगाऊ रक्कम निम्मी असावी की पाव असावी, हे रिवाजावरून ठरवू नये. कोणत्या तारखेपर्यंत आपल्या खिशातून किती पैसे गेलेले असतील याचे एक वेळापत्रक कागदावर मांडावे, आणि प्रत्येक मोठा खर्च होण्याच्या आधी तेवढी रक्कम हाती आलेली असेल अशा रीतीने हप्ते लावावेत.

शुभदाताईंचेच आकडे घेऊ. एकूण बिल १,८३,७५० रुपये. पहिला खर्च छापील डब्यांचा, २४,५०० रुपये. छपाईवाला ऑर्डर घेतानाच पैसे मागतो, आणि दुसऱ्याचे बोधचिन्ह छापलेले डबे रद्दीखेरीज कशालाही उपयोगी पडत नाहीत. त्याच सुमारास जागेचे आणि भट्टीचे ८,००० भरावे लागतील. म्हणजे काम स्वीकारताच ३२,५०० रुपये गुंतले. दुसरा खर्च कच्च्या मालाचा, ६३,००० रुपये, आणि गॅसचा, सुमारे ७,००० रुपये. पहिला घाणा तेलात पडण्यापूर्वी एकूण १,०२,५०० रुपये गेलेले असतील. त्यानंतर मजुरी आणि टेम्पो.

यावरून हप्ते असे बसतात. ऑर्डर पक्की करताना वीस टक्के, म्हणजे ३६,७५०. किराणा भरण्याच्या आदल्या दिवसापर्यंत आणखी चाळीस टक्के, म्हणजे ७३,५००. हे दोन्ही मिळून १,१०,२५० होतात आणि खरेदी त्यात भागते. उरलेले चाळीस टक्के माल उतरवून घेताना. हे शेवटचे पैसे पूर्ण बुडाले असे वाईटात वाईट धरले, तरी एकूण खर्च १,४२,१०० असल्यामुळे तुमचे नुकसान ३१,८५० रुपयांवर थांबते. कंपनीने फक्त निम्मे आगाऊ देऊन निम्मे थकवले तर ते ५०,२२५ रुपये होते. काहीही आगाऊ न घेता ३० दिवसांच्या उधारीवर काम केले, तर पूर्ण १,४२,१०० रुपये तुमच्या घरचे लागतील आणि बायकांची मजुरी दिवाळीपूर्वी देण्यासाठी बहुधा कर्ज काढावे लागेल. कोणता धोका आपल्याला पेलेल, हे या तीन आकड्यांकडे पाहून ठरवावे.

जीएसटीविषयी सागर यांचे म्हणणे दुरुस्त करणे भाग आहे. नोंदणी नसलेल्या विक्रेत्याला बिलावर जीएसटी लावून घेताच येत नाही. महाराष्ट्रात केवळ वस्तू विकणाऱ्याला वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेपर्यंत सर्वसाधारणपणे नोंदणी बंधनकारक नाही. मात्र डबे थेट तुमच्याकडून परराज्यातल्या शाखेत पाठवायचे ठरले तर उलाढाल कितीही असली तरी नोंदणीचा प्रश्न येतो. म्हणून माल पुण्यातच कंपनीच्या ताब्यात द्यावा आणि पुढे पाठवणे त्यांच्याकडे ठेवावे.

निळावंती

मी एका कंपनीच्या खरेदी विभागात काम करते, त्यामुळे समोरची बाजू सांगते. तुमच्याशी बोलणाऱ्या बाईंना पैसे देण्याचा अधिकार बहुधा नसतो. त्यांच्या तोंडी होकारावर छपाईची ऑर्डर कधीही देऊ नका. आधी व्हेंडर म्हणून तुमची नोंदणी होते, त्यासाठी पॅन, रद्द केलेला धनादेश आणि एफएसएसएआयचा क्रमांक मागतात. मग पीओ, म्हणजे कंपनीचा लेखी खरेदी आदेश, निघतो. पीओवर पैशांच्या अटी छापलेल्या असतात, आणि तुमच्या कोटेशनवर काहीही असले तरी लेखा विभाग पीओच प्रमाण मानतो. पीओ हाती आल्यावर अटी वाचून पाहाव्यात, आणि तिथे ३० दिवस छापून आले असेल तर काम सुरू करण्यापूर्वी दुरुस्त पीओ मागावा.

साठ टक्के आगाऊ म्हटल्यावर लेखा विभाग बिचकतो, कारण नव्या व्हेंडरला आगाऊ देण्याची मर्यादा आमच्याकडे बहुतेक वेळा निम्म्यावर असते. त्यांना टक्के सांगण्याऐवजी प्रत्येक हप्त्यासमोर कारण लिहून दिलेत तर मंजुरी लवकर मिळते, उदाहरणार्थ ‘छापील डबे व जागा’, ‘किराणा व गॅस’. प्रत्येक हप्त्यासाठी वेगळे प्रोफॉर्मा बिल, म्हणजे माल देण्याआधी रक्कम मागणारे बिल, द्यावे. आणि एक नमुना डबा आधीच देऊन, त्यावर पसंतीचा ई-मेल घेऊन ठेवावा. ‘लाडू लहान आहे’ असे म्हणून शेवटचे बिल अडवून ठेवण्याचे प्रकार मी पाहिले आहेत. नमुन्याचे वजन लिहिलेले असेल तर तसे बोलायला जागा उरत नाही.

कायदेकानू

‘आगाऊ रक्कम परत मिळणार नाही’ या वाक्यावर फार विसंबू नये. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ नुसार करार मोडल्यास वाजवी भरपाई मिळते, आणि ती करारात लिहिलेल्या रकमेपेक्षा अधिक असू शकत नाही. कामाची हमी म्हणून घेतलेला बयाणा आणि किमतीचा एक भाग म्हणून घेतलेली आगाऊ रक्कम यांत न्यायालये फरक करतात. साठ टक्के घेऊन, काहीही खर्च झालेला नसताना, सगळेच ठेवून घेतो म्हटले तर ते टिकणे अवघड आहे. म्हणून रद्द करण्याच्या अटी खर्चाशी जोडून लिहाव्यात: छपाईनंतर रद्द केल्यास पहिला हप्ता परत होणार नाही, किराणा भरल्यानंतर रद्द केल्यास झालेला खर्च आणि ठरलेली मजुरी वजा करून उरलेले परत दिले जाईल. असे लिहिणे न्याय्यही आहे आणि समोरच्याला पटतेही.

उधारीबद्दल एक गोष्ट. उद्यम नोंदणी मोफत आणि ऑनलाइन होते. ती माल देण्यापूर्वीच करून घ्या आणि क्रमांक कोटेशनवर व बिलावर छापा. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे सूक्ष्म किंवा लघु पुरवठादाराचे पैसे लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाल्यास व्याज लागते. त्या मुदतीत पैसे न दिल्यास तो खर्च कंपनीला प्रत्यक्ष पैसे दिले त्याच वर्षाच्या करात वजा दाखवता येतो, अशी आयकराची तरतूदही १ एप्रिल २०२४ पासून लागू आहे. लेखा विभागाला ही तरतूद चांगली माहीत असते.

सागर_मस्कत

जीएसटीबद्दलची दुरुस्ती मान्य. पण मला एक व्यवहार्य शंका आहे. कंपनीने ‘निम्मेच देऊ, तेही आमच्या नियमाप्रमाणे’ असे ठामपणे सांगितले तर काय करायचे? केवळ दहा टक्क्यांच्या फरकावरून पावणेदोन लाखांपेक्षा मोठे काम सोडायचे का? पुढच्या वर्षी हीच कंपनी पुन्हा येऊ शकते.

शुभदा_ठाणे

मी सोडेन. पुढच्या वर्षीच्या ऑर्डरचे आश्वासन मी दरातही धरत नाही आणि उधारीतही धरत नाही. दिवाळीच्या आधीचे ते पंधरा दिवस वर्षातून एकदाच येतात, आणि त्या दिवसांत नेहमीची गिऱ्हाइके रोख पैसे देऊन डबे नेतात.

हिशेबनीस

मी इतक्या लवकर सोडणार नाही. निम्मे आगाऊ हीच त्यांची मर्यादा असेल तर आपला आधीचा खर्च कमी करता येतो का ते पाहावे. डबे, पिशव्या आणि लेबल कंपनीने स्वतः छापून आणून द्यावेत. बोधचिन्ह त्यांचेच आहे आणि त्यांचा छपाईवालाही ठरलेला असेल. लेबलवरचा मजकूर, म्हणजे घटक, वजन, तारीख आणि तुमचा एफएसएसएआय क्रमांक, तेवढा तुम्ही द्यावा. मग दर ५२५ मधून ७० वजा होऊन ४५५ राहतो आणि बिल १,५९,२५० होते. त्याचे निम्मे ७९,६२५, आणि पहिल्या घाण्याआधीचा तुमचा खर्च ७८,००० राहतो. म्हणजे त्यांच्या नियमात राहूनही तुमची खरेदी त्यांच्याच पैशांतून होते. उरलेले निम्मे बुडाल्यास नुकसान ५०,२२५ वरून ३७,९७५ वर येते. धोका संपत नाही, हे मात्र लक्षात ठेवावे. ती पूर्ण रक्कम किराणा भरण्यापूर्वी हाती आलीच पाहिजे. तीन आठवड्यांनी आलेले निम्मे काही कामाचे नाही.

शिवाय ४५५ हा आकडा त्यांना ५२५ पेक्षा ऐकायला सोपा जातो, आणि तुम्ही त्यासाठी स्वतःचा एक रुपयाही सोडलेला नसतो.

शुभदा_ठाणे

हिशेब बरोबर आहे, पण उरलेल्या निम्म्या रकमेसाठी ३० दिवस थांबणे मला अजूनही पटत नाही. बायकांची मजुरी ३२,००० रुपयांच्या वर आहे आणि ती दिवाळीच्या आत द्यायची असते. निदान तेवढी रक्कम तरी माल उतरताना मिळावी अशी अट असावी.

मृण्मयी_धायरी

सर्वांचे मनापासून आभार. मी आज दोन पर्याय असलेले कोटेशन तयार केले आहे. पहिल्यात छापील डब्यासह ५२५ रुपये आणि वीस, चाळीस, चाळीस असे हप्ते आहेत. दुसऱ्यात डबे त्यांचे, दर ४५५, निम्मी रक्कम किराण्यापूर्वी, पंचवीस टक्के माल उतरताना आणि पंचवीस टक्के ३० दिवसांत. माल उतरतानाचे पंचवीस टक्के म्हणजे ३९,८१२ रुपये होतात, त्यात मजुरी आणि टेम्पो दोन्ही भागतात. दोन्हींवर दराची मुदत पंधरा दिवस, सुक्या खोबऱ्याचे सारण, प्रत्येक जिनसाचे वजन आणि रद्द करण्याच्या अटी लिहिल्या आहेत. पीओ हाती येईपर्यंत कशावरही पैसे खर्च करणार नाही.

दुसऱ्या पर्यायात मला एकच भीती वाटते. त्यांचे डबे उशिरा आले तर तयार फराळ ठेवायचा कुठे?

शुभदा_ठाणे

ती भीती योग्य आहे, कारण लाडू आणि शंकरपाळे थांबतात, पण चिवडा आणि चकली उघड्यावर मऊ पडतात आणि ऑक्टोबरच्या पावसात तर लवकरच. भरण्याच्या पाच दिवस आधी सर्व डबे व पिशव्या तुमच्या जागेवर पोहोचल्या पाहिजेत, आणि तसे न झाल्यास माल पोहोचवण्याची तारीख तितकीच पुढे जाईल, असे कोटेशनमध्ये लिहा. त्याआधी छपाईला जाण्यापूर्वी एक कोरा डबा मागवून घ्या आणि त्यात सगळ्या जिनसा प्रत्यक्ष भरून पाहा. त्यांचा छपाईवाला मिठाईच्या मापाचा उथळ डबा देईल, आणि त्यात पाव किलो चिवडा व अख्खी चकली एकत्र मावत नाही. तळायला घेताना क्रम शंकरपाळे, लाडू, मग चकली व चिवडा आणि शेवटी करंजी असा ठेवा, म्हणजे डब्यांना एखादा दिवस उशीर झाला तरी निभेल.